लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकते, शिवाय एक हिरवी रेघ: केबल गेली की पॅनेल?

मृदगंध (धागाकर्ती), सोमवार, रात्री ९:४०

लॅपटॉप चार वर्षांचा आहे. १५.६ इंची स्क्रीन, फुल एचडी, टच नाही. दोन तक्रारी आहेत आणि त्या एकच आहेत की वेगवेगळ्या, तेच मला कळत नाहीये.

पहिली अशी की झाकण मागेपुढे केलं की स्क्रीन लुकलुकते. कधी अर्धा सेकंद पूर्ण काळी होऊन परत येते, कधी सगळ्या चित्रावर बारीक ठिपके उसळतात. काटकोनाच्या थोडं पुढे एक जागा आहे, तिथे झाकण ठेवलं की शांत बसते. गेल्या आठवड्यापर्यंत ती जागा लगेच सापडायची. आता टाइप करताना टेबल हललं तरी पुन्हा सुरू होतं.

दुसरी तक्रार उजवीकडच्या उभ्या हिरव्या रेघेची. वरपासून थेट खालपर्यंत, केसाएवढी बारीक. महिन्याभरापासून आहे आणि जागची हललेली नाही. काळ्या पार्श्वभूमीवर झळकते, पांढऱ्या पानावर मात्र शोधावी लागते.

एका दुरुस्तीवाल्यांनी न उघडताच "पॅनेल गेलं, बदलायला लागेल" असं सांगितलं. दुसरे फोनवर म्हणाले "केबल असेल." दोघेही छातीठोकपणे. माझं भाषांतराचं सगळं काम याच मशीनवर चालतं, त्यामुळे आधी एक बदलून पाहू, मग दुसरं, एवढा वेळ हाताशी नाही. घरच्या घरी काय तपासता येईल?

---

खटपट्या, सोमवार, रात्री ९:५८

सोपं आहे ताई. एचडीएमआयने टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर जोडा. तिथेही लुकलुकलं तर ग्राफिक्स किंवा बोर्ड. तिथे चित्र स्वच्छ असेल तर पॅनेल गेलं. मी घरातल्या तीन लॅपटॉपचं निदान असंच केलंय.

---

मृदगंध, सोमवार, रात्री १०:२५

जोडून पाहिलं. टीव्हीवर एकदम स्वच्छ. झाकण हलवलं तरी टीव्ही शांत, लॅपटॉपची स्क्रीन मात्र लुकलुकते. हिरवी रेघही टीव्हीवर नाही. म्हणजे पॅनेलच?

---

पेटंट_पक्कड, सोमवार, रात्री ११:१०

थांबा, पॅनेल मागवू नका.

खटपट्या म्हणतात ती चाचणी चांगली आहे, पण तिचं उत्तर अर्धंच असतं. एचडीएमआयचा रस्ता बोर्डावरून थेट बाहेर जातो. तो ना बिजागरीतून जात, ना झाकणात शिरत. त्यामुळे टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं याचा अर्थ एवढाच की ग्राफिक्स चिप बहुधा ठीक आहे. त्यापुढे बोर्डावरचं स्क्रीनचं सॉकेट, केबल, केबलचं पॅनेलकडचं टोक आणि स्वतः पॅनेल हे सगळं अजून संशयितांच्या यादीत आहे. केबल आणि पॅनेल यांत ही चाचणी फरक करूच शकत नाही.

फरक कळतो तो दोषाच्या आकारावरून. मी सतरा वर्षं हेच काम करतोय, आणि हाताखाली शिकणाऱ्या मुलांना सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो: केबलला स्क्रीनवरची जागा ठाऊक नसते.

तुमच्या स्क्रीनवर १९२० उभे स्तंभ आहेत आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपस्तंभ. म्हणजे काचेवर ५७६० उभ्या तारा. पण केबलमधून ५७६० तारा येत नाहीत. हल्लीच्या फुल एचडी लॅपटॉपमध्ये चित्राची सगळी माहिती साधारणपणे तारांच्या दोन जोड्यांतून, एकामागे एक अशी धावत येते. पॅनेलच्या खालच्या कडेला एक लांबट, अरुंद सर्किट पट्टी असते. तिथली चिप ती माहिती उलगडते आणि कुठल्या स्तंभाला काय द्यायचं ते ठरवते. तिथून लवचिक फितीवर बसवलेल्या ड्रायव्हर चिपांमार्फत ती काचेवरच्या तारांपर्यंत पोहोचते.

रस्त्याखालची मोठी जलवाहिनी फुटली तर सगळ्या गल्लीचं पाणी जातं. एकाच घरचा नळ कोरडा पडला असेल तर दोष त्या घराच्या जोडणीत शोधायचा. केबलमधल्या जोडीचा संपर्क सुटला की तडाखा सगळ्या चित्राला बसतो: लुकलुक, ठिपके, पूर्ण काळं, परत चालू. ५७६० मधल्या नेमक्या एका तारेला वेठीला धरणं केबलला जमत नाही. तुमची रेघ काळ्यावर हिरवी झळकते आणि पांढऱ्यावर लपते, कारण तिथला हिरवा उपस्तंभ कायमचा 'चालू' राहून गेलाय. पांढऱ्यात हिरवा असतोच, म्हणून तिथे ती वेगळी दिसत नाही.

तेव्हा माझा अंदाज असा की तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. रेघ पॅनेलची, लुकलुक केबलची. दोन्ही दुरुस्तीवाले अर्धे बरोबर होते. नुसतं पॅनेल बदललं असतं तर नवं पॅनेलही जुन्या केबलवर लुकलुकत राहिलं असतं, आणि तुम्हाला वाटलं असतं की पॅनेलच खराब दिलं.

पण अंदाजावर स्क्रू उघडायचा नाही. उद्या एवढं करून पाहा:

लॅपटॉप बंद करून बायोसमध्ये जा आणि तिथे झाकण हलवा. तिथे विंडोज नसतं, ड्रायव्हर नसतो. तिथेही लुकलुक असेल तर सॉफ्टवेअरचा प्रश्न मिटला.

मग विंडोजमध्ये येऊन रिझोल्यूशन कमी करा, १२८० × ७२० चालेल. उजव्या कडेपासून रेघ किती अंतरावर आहे ते पट्टीने आधी आणि नंतर मोजा. ती त्याच जागी, तेवढीच बारीक राहिली तर ती काचेच्या बाजूची आहे.

तिसरी चाचणी झाकणाची, आणि ती नीट केली नाही तर फसवते. झाकणाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना दोन हातांनी धरा आणि सरळ, न पिळता हलवा. त्यानंतर झाकण स्थिर ठेवून खालच्या चौकटीवर, रेघेच्या बरोबर खाली, बोटाने अगदी हलका दाब द्या. दोन्ही वेळी काय बदललं ते वेगवेगळं लिहून ठेवा.

---

जागरण, मंगळवार, सकाळी ७:१५

माझ्याही स्क्रीनला हाच त्रास आहे. डोळ्यांना नुसतं जाणवतं, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर आडवे काळे पट्टे सरकताना स्पष्ट दिसतात. केबल बदलून घेऊ का? झाकण हलवून काही फरक पडत नाही.

---

पेटंट_पक्कड, मंगळवार, सकाळी ८:०५

@जागरण, तुमचं प्रकरण वेगळं आहे. ब्राइटनेस १०० टक्के करून पुन्हा कॅमेऱ्यातून पाहा. पट्टे गेले किंवा खूप फिके झाले तर तो बिघाड नव्हे. बऱ्याच स्क्रीनमध्ये उजेड कमी करायचा म्हणजे मागचे एलईडी फार वेगाने चालू-बंद करायचे, अशीच रचना असते. कॅमेरा ते पकडतो. काही जणांच्या डोळ्यांना ते खरंच सोसत नाही. अशांनी लॅपटॉपचा ब्राइटनेस वर ठेवून खोलीतला दिवा वाढवावा. केबल बदलून काही साधणार नाही.

---

खटपट्या, मंगळवार, सकाळी ९:३०

पक्कडदादा, तुमचं जलवाहिनीचं उदाहरण पटलं, पण माझा अनुभव उलटा आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर डावीकडे चार-पाच उभ्या रेघा होत्या. झाकण हलवलं की जायच्या आणि यायच्या. मी स्वतः केबल बदलली, रेघा गेल्या. दीड वर्ष झालं, परत आल्या नाहीत. केबल रेघा काढू शकत नसेल तर त्या गेल्या कशा?

---

पेटंट_पक्कड, मंगळवार, दुपारी १:२०

प्रश्न रास्त आहे. म्हणूनच झाकणाची चाचणी फसवी म्हणालो.

पातळ लॅपटॉपचं झाकण कडक नसतं. एका कोपऱ्याला धरून उघडलं की ते पिळलं जातं, आणि तो पीळ जाऊन बसतो पॅनेलच्या खालच्या कडेवर, म्हणजे जिथे ड्रायव्हरच्या फिती काचेला चिकटवलेल्या असतात तिथेच. तो जोड सोल्डरचा नसतो. वीज वाहून नेणारे सूक्ष्म कण असलेली चिकट पट्टी उष्णतेने आणि दाबाने बसवलेली असते. उष्णता आणि वर्षानुवर्षांचा पीळ यांनी तो जोड एखाद्या तारेवर सैल पडतो, आणि दाब बदलला की संपर्क येतो-जातो. म्हणजे झाकण हलवून रेघ बदलते, पण गुन्हेगार केबल नसते.

तुम्ही केबल बदललीत तेव्हा पॅनेलचे स्क्रू सैल करून ते बाहेर काढलं असणार आणि परत बसवलं असणार. त्यात खालच्या कडेवरचा ताण बदलतो. रेघा त्यामुळे गेल्या असाव्यात असं मला वाटतं.

एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूने. जुन्या पद्धतीच्या एलव्हीडीएस केबलवर, म्हणजे साधारण २०१३ च्या आधीच्या बऱ्याच मशीनवर, एखादी जोडी गेली तर संपूर्ण स्क्रीनभर एकसारख्या अंतराने उभ्या रेघा पडू शकत, किंवा सगळ्या चित्राचा रंगच बिघडे. कारण तिथे एकाआड एक स्तंभांची माहिती वेगवेगळ्या वाटेने यायची. पण तेव्हाही रेघा साऱ्या स्क्रीनभर पसरलेल्या असत, एका बाजूला चार-पाच असं नाही.

---

खटपट्या, मंगळवार, दुपारी १:४५

माझा २०११ चाच होता. आणि रेघा डावीकडेच होत्या हे पक्कं आठवतंय. पॅनेल काढून बसवलं होतं हेही खरं. पण केबल बदलायच्या आधी मी ते दोनदा नुसतंच काढून बसवलं होतं आणि रेघा तशाच राहिल्या होत्या. त्यामुळे मला अजून पूर्ण पटलेलं नाही.

---

पेटंट_पक्कड, मंगळवार, दुपारी २:००

दोनदा काढून बसवूनही फरक नव्हता, ही माहिती माझ्या स्पष्टीकरणाला अडचणीची आहे हे कबूल. मशीन समोर नसताना यापुढे मी काही ठामपणे म्हणणार नाही.

---

रंगपेटी, मंगळवार, दुपारी ४:१०

माझं काम ग्राफिक डिझाइनचं. सहा महिन्यांच्या लॅपटॉपवर दोन ठिपके आहेत. एक नेहमी काळा, दुसरा फक्त काळ्या पार्श्वभूमीवर लाल चमकतो. फोटो रिटच करताना दर वेळी मी लाल ठिपका पुसायला जाते आणि मग लक्षात येतं की तो फोटोत नाहीच. केबल नीट बसवून हे जाईल का?

---

पेटंट_पक्कड, मंगळवार, संध्याकाळी ६:३०

नाही जाणार. वर सांगितलं तेच कारण: केबलला एक ठिपका कुठे आहे हे कळत नाही. एकच पिक्सेल बिघडला तर दोष बहुधा काचेतल्या त्याच पिक्सेलच्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरमध्ये.

लाल ठिपका म्हणजे अडकलेला उपपिक्सेल. त्या जागेवर रंग भराभर बदलणारी छोटी खिडकी तासभर चालवली तर कधीकधी तो सुटतो. बऱ्याचदा सुटत नाही, पण त्यात नुकसानही नाही. बोटाने दाबून चोळायचे उपाय सांगितले जातात ते कृपा करून करू नका. एका ठिपक्याच्या जागी डाग पडलेल्या स्क्रीन मी पाहिल्यात.

कायम काळा आहे तो सुटण्याची आशा मी धरणार नाही. पण आधी भिंगातून पाहा. खरा मेलेला पिक्सेल रेखीव चौकोनी दिसतो आणि चित्रातल्या पिक्सेलांच्या रांगेत बरोबर बसतो. कडा वेड्यावाकड्या असतील, आकार दोन-तीन पिक्सेलांवर अर्धवट पसरला असेल, तर आतल्या थरात गेलेला धुळीचा कण आहे.

सहा महिन्यांचाच आहे तर वॉरंटीची अट वाचा. 'किती ठिपके असले तर बदलून देऊ' हा आकडा तिथे असतो, आणि चमकणाऱ्या व काळ्या ठिपक्यांसाठी तो अनेकदा वेगवेगळा असतो. फुल एचडी स्क्रीनवर वीस लाखांहून जास्त पिक्सेल असतात, त्यामुळे एक-दोन ठिपके अनेक ठिकाणी 'चालण्यासारखे' धरतात. तुमच्या कामाला ते चालत नाहीत हे मला समजतं, पण अट तशीच असते.

---

टर्मिनलवाला, मंगळवार, रात्री ८:५०

धागाकर्तीने बायोसची चाचणी अजून कळवलेली नाही, म्हणून लिहितो. उघडण्याआधी पॅनेल सेल्फ रिफ्रेश बंद करून पाहा. चित्र स्थिर असताना वीज वाचवायला ही सोय पॅनेललाच जुनं चित्र दाखवत ठेवायला लावते, आणि पॅनेल व ग्राफिक्सच्या काही जोड्यांवर त्यातून लुकलुक होते. इंटेल ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये बंद करता येते. लिनक्सवर कर्नेलला हे द्यायचं:

```
i915.enable_psr=0
```

मी दोन महिने केबलला दोष देत होतो आणि निघालं हे. माझी लुकलुक बॅटरीवर असताना आणि पान स्थिर असताना व्हायची. झाकणाशी तिचा काही संबंध नव्हता.

लिनक्सवर आणखी एक पाहता येतं:

```
sudo dmesg | grep -i "link training"
```

लुकलुक झाली त्याच वेळी इथे अपयशाच्या ओळी पडत असतील तर केबल किंवा तिची टोकं यांच्यावर संशय वाढतो. काहीच न दिसणं मात्र केबल चांगली असल्याचा पुरावा नव्हे.

---

मृदगंध, बुधवार, रात्री ९:०५

सगळं करून पाहिलं, क्रमाने सांगते.

बायोसमध्ये झाकण हलवलं, तिथेही तसंच लुकलुकलं. म्हणजे @टर्मिनलवाला, तुमचा मुद्दा माझ्या बाबतीत लागू नसावा. हिरवी रेघ बायोसमध्येही आहे.

रिझोल्यूशन कमी केलं. अक्षरं मोठी आणि धूसर झाली, रेघ मात्र तशीच धारदार. उजव्या कडेपासून आधी ५५ मिलिमीटर, नंतरही ५५.

दोन्ही कोपरे धरून झाकण सरळ हलवलं तरी लुकलुक झाली, आणि ती सगळ्या स्क्रीनवर होते, एका भागात नाही. रेघेला त्याने काहीही झालं नाही. मग झाकण स्थिर ठेवून रेघेच्या खाली चौकटीवर हलका दाब दिला आणि मी दचकलेच: रेघ विझली! बोट काढलं, परत आली. तीनदा करून पाहिलं. या दाबाने लुकलुक मात्र अजिबात झाली नाही.

आणखी एक निरीक्षण. डाव्या बिजागरीजवळ झाकण उघडताना बारीक 'करर' असा आवाज येतो. उजवीकडे येत नाही.

---

पेटंट_पक्कड, बुधवार, रात्री १०:१५

इतकी स्वच्छ निरीक्षणं क्वचित मिळतात. दोन दोष तुम्हीच वेगळे केलेत. झाकण हलवून फक्त लुकलुक, खालच्या कडेवर दाबून फक्त रेघ. रेघ पॅनेलच्या फितीच्या जोडाची, याबद्दल मला आता शंका नाही.

लुकलुक केबलची, पण केबलला दोन टोकं आणि मधला भाग आहे. टोक नुसतं सैल असेल तर केबल न बदलताही काम होईल, म्हणून आधी टोकं.

काही कंपन्या पॅनेलची स्वतंत्र चाचणी देतात. उदाहरणार्थ, डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर `D` दाबून धरून पॉवर बटण दाबलं की पॅनेल स्वतःच एकेक रंग दाखवतं. ते रंग पॅनेलमध्येच तयार होतात. तिथे रेघ दिसली तर पॅनेल, आणि रंग स्वच्छ असून एरवी चित्र बिघडत असेल तर केबल किंवा बोर्ड. तरी पॅनेलची वीज आणि मागच्या उजेडाची वीज त्याच केबलमधून जाते, त्यामुळे ही चाचणीही केबलपासून पूर्ण मोकळी नाही. तुमच्या मशीनवर अशी सोय नसेल तर तिच्यावाचून अडत नाही.

उघडताना मी सांगतो तोच क्रम ठेवा. चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, झोपलेला नको. खालचं कव्हर काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं सॉकेट सोडवा आणि मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. हे टाळायचं नाही. स्क्रीनच्या केबलमध्ये मागच्या उजेडाच्या वाहिन्या शेजारी शेजारी असतात. वीज चालू असताना टोक तिरकं निघालं तर क्षणात बोर्डावरचा फ्यूज उडतो. मग स्क्रीन अंधारी, आणि टॉर्च मारला तरच पुसट चित्र दिसतं. चांगला चाललेला लॅपटॉप अशाने बंद पडून माझ्याकडे आलेला आहे, एकदा नाही, अनेकदा.

बोर्डाकडच्या टोकावर चिकटपट्टी असते, ती नखाने सोडवा. काहींवर तारेची छोटी कडी असते, ती आधी उलटवायची. टोक वर उपटायचं नाही. बहुतेक ठिकाणी ते केबलच्या दिशेने, बोर्डाला समांतर सरकतं. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा, म्हणजे कुठेतरी अडकवण अजून आहे. परत बसवा, चिकटपट्टी लावा, बॅटरी जोडा, पाहा. सुधारलं नाही तरच झाकणाची चौकट उघडायची.

---

मृदगंध, शनिवार, दुपारी ३:३०

आज निवांत वेळ काढून उघडलं. भाऊ मोबाइलचा दिवा धरून उभा होता.

बोर्डाकडचं टोक काढून परत बसवलं. टोक घट्टच होतं, संपर्क पिवळे आणि स्वच्छ. बॅटरी जोडून पाहिलं, लुकलुक तशीच.

मग पुन्हा बॅटरी सोडवली आणि चौकट काढली. प्लॅस्टिकची, खटक्यांवर बसलेली होती. जुनं एटीएम कार्ड फिरवत फिरवत निघाली. पॅनेलकडचं टोकही काढून बसवलं. तिथल्या चिकटपट्टीचा गोंद वाळून पिवळा पडला होता, पण टोक जागेवर होतं.

दोष दिसला डाव्या बिजागरीत. केबलवर काळ्या कापडी फितीचं वेष्टन आहे. बिजागरीच्या वळणावर ते वेष्टन झिजून त्याचे धागे सुटलेत. आतलं चंदेरी आवरण चुरगळलेलं आणि एका जागी फाटलेलं, तिथून केसापेक्षा बारीक दोन-तीन तारा बाहेर डोकावतायत. बिजागरीचा एक स्क्रू सैल होता, म्हणून झाकण उघडताना तिची पट्टी वर उचलली जाऊन केबलवर घासत होती. तोच 'करर' आवाज!

तारांवर चिकटपट्टी गुंडाळून चालेल का?

---

पेटंट_पक्कड, शनिवार, दुपारी ४:००

नाही. त्यातली प्रत्येक तार स्वतःच्या आवरणासकट ठरावीक मापाची असते, आणि तिच्यातून सेकंदाला अब्जावधी बिट जातात. आवरण फाटलं की चिकटपट्टीने ते माप परत येत नाही. शिवाय फाटकं आवरण जवळच्या वीजवाहिनीला टेकलं तर फ्यूजची भीती आहेच. नवी केबल येईपर्यंत झाकण अजिबात हलवू नका. शक्य तर टीव्हीवर काम करा.

केबलवर एक छोटी चिठ्ठी असते, तिच्यावरचा पूर्ण क्रमांक पाहून तीच मागवा. नुसत्या मॉडेलच्या नावावर मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये ३० पिनांची आणि ४० पिनांची अशा दोन केबली असू शकतात. ४० ची बहुधा टचसाठी किंवा जास्त रिफ्रेश रेटच्या स्क्रीनसाठी. आणि बिजागरीचा स्क्रू आधी घट्ट करा, नाहीतर नवी केबलही तिथेच कापली जाईल.

पॅनेल बाहेर आहेच तर त्याच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. `NV156FHM-N48` किंवा `B156HAN02.1` अशा धर्तीचा क्रमांक असतो. पुढे पॅनेल बदलायची वेळ आली तर तोच लागतो.

---

रंगपेटी, शनिवार, संध्याकाळी ७:२०

भिंगातून पाहिलं. काळा ठिपका वेडावाकडा आहे, चौकोनी नाही! म्हणजे धूळ. लाल मात्र तसाच आहे, रात्रभर रंग फिरवूनही. वॉरंटीच्या अटीत चमकणारा एकच ठिपका असला तर बदलत नाहीत, असं लिहिलंय. धुळीचा उल्लेखच नाही. उद्या विचारणार आहे.

---

मृदगंध, पुढच्या शुक्रवारी, रात्री ८:४५

केबल आली, बसवली. चिठ्ठीवरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून घेतला होता. बिजागरीचे स्क्रू आवळले आणि केबल जुन्या खाचेतूनच, ताण न देता नेली. झाकण पूर्ण बंद ते पूर्ण उघडं असं वीसेक वेळा केलं, एकदाही लुकलुक नाही. 'करर'ही गेलं.

रेघ आहे तिथेच आहे, ५५ मिलिमीटरवर. पॅनेल काढून बसवल्यावर पहिले दोन तास दिसली नव्हती, तेव्हा खूप आनंद झाला होता. मशीन गरम झाल्यावर परत आली. @खटपट्या, तुमच्या रेघा परत आल्या नाहीत, माझी आली.

पॅनेलच्या लेबलचा फोटो काढून ठेवलाय. आता प्रश्न एवढाच की ही एक रेघ वाढत जाईल का? पांढऱ्या पानावर काम असल्यामुळे मला ती तशी नडत नाही.

---

पेटंट_पक्कड, शुक्रवार, रात्री ९:३०

थंड असताना नाही आणि गरम झाल्यावर येते, हे फितीच्या जोडाचंच वागणं. वाढेल की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. एकाच रेघेवर तीन वर्षं चाललेली स्क्रीन माझ्या पाहण्यात आहे, आणि दोन महिन्यांत शेजारी वीस रेघा आलेलीही. तो जोड पुन्हा बसवायला गरम पात्याचं यंत्र लागतं, आणि एका पॅनेलसाठी ते काम सहसा कुणी हाती घेत नाही. चौकटीत कागदाची घडी सारून दाब द्यायची युक्ती करू नका, त्याने काच तडकते. झाकण उघडताना वरच्या मधोमध धरा, कोपऱ्याला नको. शेजारी दुसरी रेघ आली की पॅनेल मागवा, तोवर वापरा.

---

खटपट्या, शुक्रवार, रात्री ९:५०

माझा तो जुना लॅपटॉप अजून कपाटात आहे. रविवारी काढतो, जुनी केबलही ठेवलीय. ती परत लावून रेघा येतात का बघतो आणि इथे लिहितो.